जमीन देवाला, पत्र विश्वस्तांना

गावातल्या देवळाला जमीन द्यायची असं घरात ठरलं की आधी बातमी पसरते, मग सप्ताहात नारळ देऊन सत्कार होतो, आणि कागद सगळ्यात शेवटी येतो. कधी येतच नाही. तीस वर्षांनी नातवंडं सातबारा काढतात तेव्हा जमीन अजून आजोबांच्याच नावावर असते, तिच्यावर देवस्थानची शेड उभी असते आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिकपणे चिडलेल्या असतात. असं झालेल्या गावात चौकशी केली की बहुतेक वेळा एकच गोष्ट कळते: जमीन कुणी, किती, कशासाठी आणि कुठल्या अटीवर दिली हे एका कागदावर कधी लिहिलंच गेलं नव्हतं.

तो पहिला कागद म्हणजे कुटुंबाने विश्वस्तांना लिहिलेलं प्रस्तावाचं पत्र. त्याने जमिनीची मालकी बदलत नाही. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावराचं दान करायला नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं, त्यावर देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात, आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावं लागतं. मग पत्र कशाला? विश्वस्तांना ‘घ्यावी की नको’ हे ठरवता यावं म्हणून. जमीन घेणं हेही ओझं असतं. शेतसारा, कुंपण, अतिक्रमण, कज्जे हे सगळं जमिनीबरोबर येतं. पत्र चांगलं असेल तर पुढचं बक्षीसपत्र वकील त्यातूनच उतरवून घेतो. ते मोघम असेल तर घरच्यांनी मनात धरलेल्या अटी मनातच राहतात.

एक उदाहरण धरून चालू. माळशिरस तालुका, सोलापूर जिल्हा. आषाढीला माउलींची आणि तुकोबांची अशा दोन्ही पालख्या या तालुक्यातून जातात, त्यामुळे दिंड्यांना मुक्कामाला जागा हवीच असते. समजा इथलं एक शेतकरी कुटुंब आहे. वडील वारले आहेत. आई आहे, तीन भाऊ आणि दोन विवाहित बहिणी. पालखी मार्गाला लागून 1 हेक्टर 20 आरचा गट आहे. त्यातली रस्त्याकडची 40 आर जमीन, म्हणजे ढोबळमानाने एक एकर, गावच्या विठ्ठल मंदिराच्या ट्रस्टला द्यायची आहे. वडिलांची तशी इच्छा होती.

पत्राचा मायना सोपा आहे: ‘मा. अध्यक्ष व सर्व विश्वस्त’, खाली ट्रस्टचं नोंदणीप्रमाणे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. हा क्रमांक शोभेचा नाही. पत्र लिहिण्याआधी धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या परिशिष्ट एकचा उतारा काढावा, कारण त्यात ट्रस्टची मिळकत आणि दप्तरी असलेले विश्वस्त यांची नोंद असते. पुष्कळ गावांत कारभार बघणारी मंडळी वेगळी आणि दप्तरातली नावं वेगळी असतात. दप्तरातले निम्मे विश्वस्त कधीच वारलेले असतात आणि नव्या नेमणुकांचे बदल अर्ज प्रलंबित असतात. अशांनी केलेल्या स्वीकृतीच्या ठरावावर उद्या कुणीही बोट ठेवू शकतो. म्हणून पत्रात एक वाक्य नम्रपणे घालावं: ‘आपल्या विश्वस्त मंडळाची सद्यःस्थिती दर्शवणारा परिशिष्ट एकचा उतारा आम्हांस मिळावा.’ देणाऱ्याने घेणाऱ्याकडे कागद मागण्यात उद्धटपणा काही नाही.

विषयाच्या ओळीत जमीन, क्षेत्र आणि हेतू हे तिन्ही यावेत. ‘गट क्रमांक अमुक पैकी पूर्व बाजूची 40 आर शेतजमीन आषाढी वारीतील दिंडी-मुक्काम व अन्नदानासाठी देवस्थानास बक्षीस देण्याचा प्रस्ताव.’ सभेच्या विषयपत्रिकेवर हीच ओळ जशीच्या तशी चढते.

पहिल्या परिच्छेदात आपण कोण आणि जमीन आपल्याकडे कशी आली ते लिहायचं. इथे बरीच पत्रं वडिलांच्या भक्तीचं वर्णन करत राहतात आणि मुद्द्याचं राहून जातं. आमच्या उदाहरणात जमीन वडिलोपार्जित आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून तिघा भावांची नावं आहेत, आणि आई व बहिणी ‘इतर हक्क’ या रकान्यात आहेत. थोरला भाऊ म्हणतो, कर्ता मी आहे, मी सही करतो. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी वडिलोपार्जित मिळकतीचा थोडा भाग देता येतो, हे हिंदू कायद्यात मान्य आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली एका निकालात ते पुन्हा सांगितलं आहे. पण ‘थोडा’ म्हणजे किती? एकूण 120 आरपैकी 40 आर हा तिसरा हिस्सा झाला, तोही रस्त्यालगतचा, म्हणजे सगळ्यात मोलाचा. घरात दुसरी जमीन नसेल तर हे थोडं म्हणवत नाही. 2005च्या दुरुस्तीनंतर मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे, आणि 2020च्या निकालाने त्यावरचा उरलासुरला वादही संपवला. तेव्हा वाट एकच: आई, तिघं भाऊ, दोघी बहिणी अशा सहाही जणांनी पत्रावर सह्या करायच्या आणि पुढे बक्षीसपत्रावरही करायच्या. सहापैकी कुणी आधीच वारलं असेल तर त्याचे वारस सही करतील. त्यांत एखादा अज्ञान असेल तर कोर्टाच्या परवानगीविना त्याच्या हिश्श्याला हात लावायचा नाही.

बहिणींची सही मागायला भाऊ कचरतात. त्यांना वाटतं, विषय काढला तर बाकीच्या जमिनीच्या वाटणीचाही विषय निघेल. निघतोच. पण तो आज चुलीपाशी निघालेला बरा, की देवस्थान प्रतिवादी असलेल्या दाव्यात? माझ्या मते प्रस्तावाचं पत्र लिहायला बसणं ही घरातली वाटणी उघड बोलण्याची चांगली वेळ आहे. देण्याचं निमित्त असतं, त्यामुळे आवाज चढत नाहीत.

दुसऱ्या परिच्छेदात जमिनीचं खरं वर्णन करायचं. गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, बागायत की जिरायत, भोगवटादार वर्ग एक की दोन. वर्ग दोन असेल, म्हणजे कुळकायद्यात मिळालेली, वतनाची किंवा सरकारने दिलेली जमीन असेल, तर ती हस्तांतर करायला वेगळी परवानगी लागू शकते, आणि ती अडचण पत्रातच सांगून टाकावी. मग बोजा. आमच्या उदाहरणात विकास सोसायटीचं पीककर्ज आहे आणि सातबाऱ्यावर तसा इकरार चढलेला आहे. ‘कर्ज आम्ही फेडू व बेबाकी दाखला बक्षीसपत्रापूर्वी देऊ,’ असं लिहावं. कर्जाची गोष्ट पत्रात लपवली तरी सातबाऱ्यावर ती दिसतेच, आणि मग सरळ माणसावरही संशय येतो.

या परिच्छेदात एक गोष्ट हमखास सुटते, ती जमिनीच्या पोटातली. विहीर कुटुंबाच्या उरलेल्या 80 आरमध्ये आहे, पण कालव्यावरून येणारी पाइपलाइन देऊ केलेल्या 40 आरच्या मधून जाते. बांधावरून बैलगाडीची वाट आहे आणि कोपऱ्यात शेतीपंपाचा खांब आहे. आज सगळं आपलंच आहे म्हणून कुणाच्या मनात येत नाही. जमीन ट्रस्टच्या नावावर गेल्यावर एखाद्या वर्षी शेडचा पाया खणताना जेसीबी पाइप फोडतो आणि भावांचा ऊस वाळतो. मग देवाला जमीन देणाऱ्या घराला त्याच देवस्थानशी भांडावं लागतं. म्हणून पाइपलाइन कुठून कुठे, किती खोल, दुरुस्तीसाठी दोन्ही बाजूंना किती फूट जागा मोकळी राहील आणि वाट किती रुंद, हे पत्रात लिहून मोजणीच्या नकाशावर लाल रेघेने दाखवावं. गटाचा एक भागच द्यायचा असल्याने भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी तर करावीच लागते, शिवाय तुकडेबंदीच्या कायद्यात तो तुकडा आणि उरलेलं क्षेत्र दोन्ही बसतात का, हेही आधीच बघून घ्यावं.

आता तिसरा परिच्छेद, हेतूचा. इथे थोडं मागे जाऊ, कारण महाराष्ट्रात या परिच्छेदाला फार जुना नमुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांमध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. लेणं खोदवल्यावर त्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने एक शेत दिलं. शेत कुणाकडून घेतलं, किती कार्षापणांना घेतलं (4000), विकणाऱ्याकडे ते वडिलांकडून आलं होतं, ते नगराच्या वायव्य शिवेवर आहे, आणि त्याच्या उत्पन्नातून लेण्यात राहणाऱ्या सर्व भिक्षूंना भेदभाव न करता अन्न मिळावं, हे सगळं त्यात आहे. मालकीची साखळी, हद्द, हेतू, लाभार्थी, काही राहिलं नाही. आजचे कितीतरी अर्ज याच्यापुढे फिके पडतील.

त्याच लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळातला आणखी एक लेख आहे, आणि तो मला जास्त शिकवणारा वाटतो. भिक्षूंना आधी कखडी गावातलं एक शेत दिलं होतं, पण ते कसलं जात नाही आणि गावही वसलेलं नाही. म्हणून राजाच्या मालकीच्या नगराच्या शिवेवरच्या जमिनीतून 100 निवर्तनं देण्याची आज्ञा त्यात गोवर्धनच्या अमात्याला केली आहे. दान दिलं आणि फुकट गेलं, हे राजालाही चुकलं नाही. त्याच्याकडे दुसरी जमीन होती म्हणून चूक सुधारता आली. आमच्या सहा जणांकडे ती नाही. म्हणून हेतू लिहितानाच तो उद्या जमला नाही तर काय, हेही लिहायचं.

समजा पत्रात लिहिलं, ‘आषाढीत दिंड्यांच्या मुक्कामासाठीच.’ उद्या मार्ग रुंद झाला, थोडी जमीन संपादनात गेली, किंवा मुक्काम पुढच्या गावी हलला, तर त्या ‘साठीच’ने विश्वस्तांचे हात बांधले जातात. वर्षातले दोन-चार दिवस सोडले तर एरवीही जमीन पडून राहते आणि पडीक जमिनीवर अतिक्रमण व्हायला वेळ लागत नाही. उलट नुसतं ‘देवस्थानच्या कामासाठी’ लिहिलं तर व्यापारी गाळेही देवस्थानच्या कामात बसवता येतात. मधली वाट अशी: ‘सदर जागा प्रथमतः आषाढी वारीतील दिंड्यांचा विनामूल्य मुक्काम व अन्नदान यासाठी वापरावी. वर्षातील इतर काळात तिथे शेती करून किंवा तात्पुरत्या वापरास देऊन येणारे उत्पन्न अन्नदानाच्या स्वतंत्र खात्यात जमा करावे. मुक्कामाचा उपयोग कायमचा थांबल्यास जागा वारकऱ्यांच्या निवास, भोजन वा आरोग्यसेवेसाठी वापरावी.’ एक मुख्य उपयोग, एक पूरक, एक पर्यायी. एवढं पुरे.

यानंतर अटी. सगळ्यात जास्त कागद इथेच फसतात, म्हणून जरा सावकाश जाऊ. घरच्यांच्या मनात साधारण चार अटी असतात. वडिलांच्या नावाची पाटी लागावी. घरातला एक माणूस कायम विश्वस्त असावा. जमीन कधी विकू नये. आणि वापर झाला नाही तर जमीन परत मिळावी.

पाटीची अट बिनधोक आहे. फक्त मजकूर आणि जागा लिहून टाकावी, नाहीतर पाटीच्या आकारावरून वाद होतात.

विश्वस्तपदाची अट विश्वस्तांना पत्राने मान्य करता येत नाही. विश्वस्त कसे नेमायचे हे ट्रस्टच्या घटनेत किंवा धर्मादाय आयुक्तांनी मंजूर केलेल्या योजनेत ठरलेलं असतं आणि त्यात बदल करायला त्याच रस्त्याने जावं लागतं. अध्यक्ष तोंडी ‘हो, बघू’ म्हणाले म्हणून यावर विसंबू नये. त्यापेक्षा ‘अन्नदान खात्याचा वार्षिक हिशेब आमच्या कुटुंबास लेखी द्यावा’ ही अट साधी आहे, पाळता येण्यासारखी आहे आणि पदापेक्षा जास्त कामाची आहे.

न विकण्याची अट. सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, बदलून किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. 1950च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम 36 ते हेच. म्हणजे बरंचसं संरक्षण आधीच आहे. पण ट्रस्टच्या हिताचं दिसलं तर आयुक्त परवानगी देऊ शकतात. म्हणून ‘कधीही, कोणालाही, कोणत्याही कारणाने विकू नये’ अशा दणदणीत वाक्याऐवजी ‘अशा परवानगीचा अर्ज करण्यापूर्वी आमच्या कुटुंबास लेखी कळवावे, व मिळणारी रक्कम वरील हेतूसाठीच वापरावी’ असं लिहिलं तर ते टिकतं.

परत घेण्याची अट मात्र जपून घालायची. ‘आम्हांस वाटेल तेव्हा बक्षीस रद्द करू’ अशा अर्थाची ओळ घातली तर कायद्याच्या कलम 126 प्रमाणे ते बक्षीसच निरर्थक ठरतं. नुसती अट नव्हे, सगळं बक्षीस. देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली ठरावीक घटना धरून अट घालता येते, जसं की ‘नोंदणीपासून 5 वर्षांत पत्र्याची शेड व पाण्याची टाकी न उभारल्यास.’ तरीही एकदा सार्वजनिक ट्रस्टची झालेली जमीन परत काढणं म्हणजे वर्षानुवर्षांची कोर्टकचेरी. माझं मत विचाराल तर परतीची अट घालूच नये, वर सांगितलेला पर्यायी उपयोगच नीट लिहावा. आणि घरात ज्याला परतीची फार ओढ असेल, त्याला जमीन द्यायचीच आहे का, हे एकदा शांतपणे विचारावं.

या सगळ्याखाली एक वाक्य हवंच: ‘वरील अटी विश्वस्त मंडळाने ठरावात मंजूर कराव्यात व बक्षीसपत्रात शब्दशः नमूद कराव्यात.’ पत्रात आहे आणि बक्षीसपत्रात नाही अशा अटीला पुढे फारसं कुणी विचारत नाही.

चौथा परिच्छेद परवानग्या आणि खर्चाचा. ट्रस्ट शेतकरी नसतो. पश्चिम महाराष्ट्रात लागू असलेल्या कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला बक्षीस द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती नोंदणीच्या आधी घ्यायची. मराठवाड्यात आणि विदर्भात कुळकायदे वेगळे आहेत, म्हणून तिथल्या वाचकांनी कलम तिथलं बघावं. मुद्रांक शुल्क कोण भरणार, तेही लिहावं. मुलाला किंवा मुलीला बक्षीस देताना मिळणारी मुद्रांकाची मोठी सवलत ट्रस्टला देताना नसते, बाजारमूल्यावर शुल्क लागतं. शिवाय जमीन दिली म्हणून देणाऱ्याला प्राप्तिकरात देणगीची वजावट मिळेल, असा समज असतो. ती वजावट पैशाच्या देणगीला आहे, जमिनीसारख्या वस्तुरूप देणगीला नाही.

शेवटी ‘सोबत’. इथे क्रमांक घालून कागद लिहायचे, कारण कारकून ते टिकमार्क करून घेतो. आमच्या कुटुंबाच्या पत्राला हे जोडावं लागेल: चालू सातबारा आणि आठ अ, जमीन घराण्यात आल्यापासूनचे फेरफार आणि त्यात वडिलांच्या वारसनोंदीचा फेरफार, प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ, मोजणीची ‘क’ प्रत व पाइपलाइनचा नकाशा, सोसायटीचं कर्ज किती बाकी आहे त्याचा दाखला, वकिलाचा 30 वर्षांचा शोध अहवाल, आणि बहिणींची स्वतंत्र संमतिपत्रं. सगळ्या छायाप्रती द्याव्यात; मुळं फक्त दाखवावीत आणि घरी न्यावीत. वंशावळीत मुलींची नावं गाळून फक्त मुलगे लिहिण्याची जुनी खोड आहे. फेरफारातलं एखादं नाव वंशावळीत दिसलं नाही की वकील तिथेच अडतो, आणि अडावंच.

पत्र दोन प्रतींत द्यावं. आपल्या प्रतीवर ट्रस्टचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. आई थकलेली असेल तर उत्तराला मुदत घालावी, उदाहरणार्थ 60 दिवस. स्वीकार हयातीतच व्हावा लागतो. आई मध्येच गेली तर तिचा हिस्सा वारसांकडे जाईल आणि तिची सही मोलाची राहणार नाही. पाचही वारस सोबत असतील तर काम थांबत नाही, पण सगळी कागदपत्रं पुन्हा करावी लागतात.

ठराव झाला, परवानगी आली, बक्षीसपत्र नोंदलं. आता दोन नोंदी उरतात. एक तलाठ्याकडे फेरफार. सातबाऱ्यावर नाव ट्रस्टचं किंवा देवाचं चढावं, अध्यक्षाचं किंवा पुजाऱ्याचं नाही. देवस्थानच्या जमिनीची मालकी देवाची असते, पुजारी फक्त व्यवस्था बघतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात स्वच्छ सांगितलं आहे. दुसरी नोंद ट्रस्टने करायची: कलम 22 प्रमाणे 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देऊन ही जमीन परिशिष्ट एकवर चढवायची. पुष्कळ ट्रस्ट हे राहू देतात, मग काही वर्षांनी आलेल्या नव्या विश्वस्तांना आपल्याकडे अशी एक एकर जमीन आहे, ती कशासाठी आहे आणि तिच्यावर काय अटी आहेत, हेच माहीत नसतं. म्हणून कुटुंबाने पत्राच्या शेवटच्या ओळीत ठराव, नोंदलेलं बक्षीसपत्र, नवा सातबारा आणि बदल अर्जावरचा आदेश अशा चार कागदांच्या प्रती मागाव्यात, आणि सहाही घरांत एकेक संच ठेवावा.